गजर बंद करून पुन्हा निजणारा रुग्ण : प्रातरुत्थानाचा क्रम

‘गजर होतो, पण तो मी केव्हा बंद केला ते मला आठवतही नाही,’ ही तक्रार आता चिकित्सालयात वारंवार ऐकू येते. पूर्वी हे वाक्य विद्यार्थ्यांच्या पालकांकडून येत असे. आज ते कारखान्यातील कामगार, दुकानदार, गृहिणी आणि वाहनचालक यांच्याकडूनही येते. बहुधा रुग्ण या तक्रारीसाठी म्हणून आलेला नसतो. आम्लपित्त, मलावष्टंभ किंवा स्थौल्य यांसाठी तो येतो, दिनचर्या विचारता विचारता ही गोष्ट पुढे येते आणि ती सांगताना तो ओशाळतो. घरच्यांनी त्याला आळशी ठरवलेले असते व त्यानेही ते मान्य केलेले असते. आपणही ‘लवकर उठत जा’ एवढे सांगून औषधपत्र लिहू लागलो, तर त्याच्या पदरात काहीच पडत नाही. प्रस्तुत लेखात या एकाच अवस्थेचा विचार केला आहे : गजर लावणारा, तो बंद करणारा आणि पुन्हा झोपी जाणारा रुग्ण. त्याला कोणता क्रम द्यावा, तो कसा पाळून घ्यावा आणि कोणत्या रुग्णास तो देऊ नये, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

गजर का बंद केला जातो?

पहिली गोष्ट ही की, ‘आठवत नाही’ असे म्हणणारा रुग्ण बहुधा खोटे बोलत नाही. गाढ झोपेतून एकाएकी उठवलेल्या मनुष्याची इंद्रिये व मन लगेच आपापल्या विषयांवर येत नाहीत. हात चालतो, गजर बंद होतो, पण निर्णय करणारी बुद्धी अद्याप तमाने आवृत असते. आधुनिक निद्राशास्त्रातही ही अवस्था मान्य आहे. ती सामान्यतः पंधरा ते तीस मिनिटांत ओसरते, मात्र ज्याची झोप कित्येक दिवस अपुरी पडली आहे त्याच्यात तास-दीड तासही रेंगाळू शकते. या अवधीत मनुष्याला ‘पाचच मिनिटे’ हा विचार अत्यंत युक्त वाटतो. म्हणून उठावे की न उठावे, हा निर्णय गजर झाल्यावर घ्यावयाचा नसून आदल्या रात्री घेऊन ठेवावयाचा असतो. पुढील सर्व क्रम या एका तत्त्वावर उभा आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. असा रुग्ण भेटला की आम्ही त्याला तीन वेळा विचारतो : दिवा मालवून डोळे केव्हा मिटले, पहिला गजर केव्हा होता आणि पाय जमिनीला केव्हा लागला. बहुतेकांच्या उत्तरांत पहिला गजर आणि प्रत्यक्ष उठणे यांत तास-सव्वा तासाचे अंतर निघते. या तासात चार-पाच वेळा गजर होतो आणि दर वेळी झोप मोडते. ही साखरझोप रुग्णाला सुखाची वाटते, पण ती ना धड झोप असते ना धड जागरण. सव्वा तासाची सलग झोप मोडून तिचे तुकडे करण्यासाठीच जणू त्याने गजर लावलेले असतात.

येथे एक मर्यादा नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल. स्टॉकहोम विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यांना गजर पुढे ढकलण्याची सवयच आहे अशांना शेवटचा अर्धा तास तसे करू दिले असता त्यांच्या बुद्धिव्यापारावर विशेष अनिष्ट परिणाम दिसला नाही. झोपेची हानी सहा मिनिटांच्या आसपास होती. तेव्हा एखादा रुग्ण दहा मिनिटे लोळून मग नियमाने उठत असेल, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. आपला विषय तो नव्हे. ज्याचे उठणे रोज निसटते आणि त्यामुळे मलविसर्जन, न्याहारी, नोकरी यांपैकी काही ना काही बिघडते, त्याच्यासाठी हा विचार आहे.

ब्राह्ममुहूर्त आणि घड्याळ

अशा रुग्णांपैकी पुष्कळांनी गजर पहाटे चार किंवा साडेचारचा लावलेला असतो. कारण विचारल्यास ‘ब्राह्ममुहूर्तावर उठावे असे सांगितले आहे’ असे उत्तर मिळते. हे सांगणारे कित्येकदा आपल्यापैकीच कोणी असतात, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा धरल्यास ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी शहाण्णव मिनिटांनी सुरू होतो व अठ्ठेचाळीस मिनिटे आधी संपतो. पुण्याचे उदाहरण घेऊ. जूनच्या आरंभी तेथे सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, म्हणजे हा मुहूर्त साधारण ४.२५ ते ५.१० असा येतो. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सात वाजून आठ-दहा मिनिटांनी होतो, त्यामुळे मुहूर्त ५.३२ ते ६.२० च्या सुमारास पडतो. एकाच गावात दोन ऋतूंमध्ये एक तासाहून अधिक फरक पडतो. पौषात साडेचारचा गजर लावणारा मनुष्य ब्राह्ममुहूर्ताच्या तासभर आधी उठण्याचा यत्न करीत असतो आणि न उठल्याबद्दल स्वतःस अपराधी मानीत असतो.

शिवाय हे विधान वाग्भटांनी स्वस्थासाठी केले आहे, आणि अष्टांगसंग्रहात तर उठताना जीर्णाजीर्णाचे निरूपण करण्यास सांगितले आहे. रात्री साडेअकराला जेवलेल्या मनुष्याचा आहार पहाटे जीर्ण झालेला नसतो. त्याला त्या वेळी उठता येत नाही यात नवल नाही. उलट निद्रेचा समावेश अधारणीय वेगांत केलेला असून तिच्या धारणाची लक्षणे मोह, डोके व डोळे जड होणे, आलस्य, जांभया आणि अंगमर्द अशी दिली आहेत. हीच लक्षणे आपला रुग्ण ‘सकाळी फार जड वाटते’ या शब्दांत सांगत असतो. त्यावर शास्त्राने सांगितलेला पहिला उपाय झोप हाच आहे, आणखी एक गजर नव्हे.

म्हणून आम्ही रुग्णास दोन प्रश्न विचारतो. सुट्टीच्या दिवशी कोणी न उठवल्यास केव्हा जाग येते? आणि त्या दिवशी उठल्यावर हलके वाटते की जड? रविवारी तीन-चार तास अधिक झोपून जो ताजा होऊन उठतो, त्याची झोप अपुरी आहे. त्याची झोप आधी पुरी करावी लागते. जो रविवारी नऊ तास झोपूनही जडच उठतो, जिभेवर साम लेप असतो, भूक लागत नाही, त्याच्याकडे कफ, आम आणि रात्रीचा आहार या अंगाने पाहावे लागते. दोन्ही एकत्र असलेले रुग्णही पुष्कळ आहेत.

एका रुग्णाचा क्रम

आता एक रुग्ण सविस्तर पाहू. वय २८, पुण्यानजीकच्या एका कारखान्यात यंत्रचालक, कायम पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी साडेतीन. कंपनीची बस ६.१० ला नाक्यावर येई. डिसेंबर महिन्यात तो उदराध्मान व मलावष्टंभ यांसाठी आला. चौकशीत कळले की मागील महिन्यात त्याची बस सहा वेळा चुकली होती, उशिराबद्दल दोन लेखी सूचना मिळाल्या होत्या आणि तिसरी मिळाल्यास कायम होण्याची संधी जाणार होती. त्याने फोनमध्ये साडेचारपासून दर पंधरा मिनिटांनी सहा गजर लावले होते. सहाही बंद करून तो निजे आणि ५.५० ला आई हाका मारून, पांघरूण ओढून त्याला उठवी. मग मलप्रवृत्तीसाठी न थांबता, काही न खाता तो धावत सुटे.

रात्री त्याला झोप १२.३० ला येई. याचे कारण संध्याकाळी होते. सव्वाचारला घरी येऊन तो पोटभर जेवे आणि पावणेपाच ते पावणेसात गाढ झोपे. दोन तासांच्या या दिवास्वापामुळे रात्री दहाला निजण्याचा प्रश्नच नव्हता. रात्रीचे जेवण साडेदहाला, त्यानंतर दोन तास फोन. म्हणजे सलग झोप फक्त १२.३० ते ४.३०, चार तास, पुढे ऐंशी मिनिटे तुकड्यांची झोप आणि संध्याकाळचे दोन तास. एकूण बेरीज सात तासांहून थोडी अधिक होते, ती फारशी कमी नाही. झोप होती, पण ती जागेवर नव्हती. सकाळच्या गजराचा रोग संध्याकाळच्या अंथरुणात होता.

आम्ही प्रथम सहाही गजर काढून टाकण्यास सांगितले व एकच गजर ५.४० चा ठेवला. डिसेंबरच्या त्या दिवसांत सूर्योदय सातच्या आसपास होता. त्यामुळे अंतिम उद्दिष्ट ५.२५ ठरवले. ब्राह्ममुहूर्ताचा आरंभही तेव्हा त्याच सुमारास येत होता आणि बसला पाऊण तास मिळत होता. पण पहिल्याच दिवशी तेथे उडी मारली नाही. जेथे रुग्ण प्रत्यक्ष उठतो तेथून दहा मिनिटे अलीकडे यावे, ते स्थिर झाले की पुढचे पाऊल टाकावे, हा नियम आम्ही पाळतो. त्याला रोज हरण्याची सवय झालेली असते, ती आधी मोडावी लागते.

झोपण्याची वेळ १२.३० वरून १०.१५ ला आणावयाची होती, म्हणजे सव्वादोन तासांचा फरक. येथे चरकांनी असात्म्य सोडून सात्म्य जोडण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम अतिशय उपयोगी पडतो. फरकाचे चार पाद केले, प्रत्येक सुमारे चौतीस मिनिटांचा. दिवा मालवण्याची वेळ ११.५५, नंतर ११.२०, मग १०.५० आणि शेवटी १०.१५. प्रत्येक पायरीवर चार दिवस ठेवले. पायऱ्यांमधील दिवस रुग्ण पाहून कमी-अधिक करावेत. ठरल्या वेळी झोप न आल्यास जबरदस्तीने पडून राहावयाचे नाही. मंद प्रकाशात बसावे आणि डोळे जड झाले की आडवे व्हावे. मात्र सकाळचा गजर त्यामुळे पुढे सरकवावयाचा नाही. उठण्याची वेळ स्थिर राहिली तरच झोपण्याची वेळ तिच्या मागोमाग येते. उलट क्रमाने, म्हणजे ‘आधी लवकर झोप लागू दे, मग लवकर उठेन’ असे ठरवल्यास काहीच हलत नाही, असा आमचा अनुभव आहे.

संध्याकाळची झोप पूर्ण तोडली नाही. तशी तोडल्यास रुग्ण तिसऱ्या दिवशी संपूर्ण क्रमच सोडतो. त्याला खुर्चीत बसून वीस मिनिटे डोळे मिटण्यास सांगितले. बसल्या बसल्या काढलेली डुलकी रूक्षही नव्हे व अभिष्यंदीही नव्हे, असे चरकांचे मत आहे आणि व्यवहारात ते पटते. बसलेला मनुष्य गाढ झोपेत फार काळ राहत नाही. पोटभर जेवण सकाळी अकराच्या सुट्टीत कंपनीच्या उपाहारगृहात घ्यावे, घरी आल्यावर लाह्या किंवा एखादे फळ, रात्री आठला मुगाचे वरण, भात किंवा भाकरी व पालेभाजी असा आहार ठरवला. आध्मानासाठी हिंग्वाष्टक चूर्ण पहिल्या घासाबरोबर तुपात पंधरा दिवस दिले. उठवण्यासाठी म्हणून कोणतेही औषध दिले नाही.

रात्रीची तयारी आणि पहिली वीस मिनिटे

फोन हा गजर म्हणून आम्ही शक्यतो काढून घेतो. तो उशाशी असतो, अंगठ्याच्या एका स्पर्शाने गप्प होतो आणि गजर बंद केल्यावर त्यातील दुसरेच काही पाहत मनुष्य पुन्हा आडवा होतो. त्याऐवजी बाजारात मिळणारे साधे गजराचे घड्याळ घ्यावे. या रुग्णास ते अंथरुणापासून सहा-सात पावलांवर, विजेच्या बटनाखालील फळीवर ठेवण्यास सांगितले. शेजारी झाकलेला पाण्याचा तांब्या. मोरीजवळ दुसऱ्या दिवसाचे कपडे. फोन दुसऱ्या खोलीत.

सकाळी क्रम असा : गजर वाजला की कुशीवर वळून उठून बसावे, चालत जाऊन आधी दिवा लावावा आणि नंतर गजर बंद करावा. हा क्रम उलटा करू नये. अंधारात गजर थांबला की खोली पुन्हा झोपेची होते व पावले अंथरुणाकडे वळतात. दिवा लागल्यावर डोळे मिचकावत का होईना, मनुष्य जागेपणाच्या बाजूस येतो. यानंतर तोंडावर व डोळ्यांवर गार पाण्याचे हबके, दोन-चार घोट पाणी आणि लगेच अंथरूण गुंडाळून ठेवणे. आपल्याकडे अनेक घरांत जमिनीवर गादी घालण्याची रीत आहे, तिचा येथे मोठा उपयोग होतो. गुंडाळलेल्या गादीवर पुन्हा निजता येत नाही. पलंग असल्यास पांघरूण घडी करून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवावे.

पहिली वीस मिनिटे बसावयाचे नाही, एवढा एकच आणखी नियम. मलविसर्जन, दंतधावन, मुखप्रक्षालन ही कर्मे याच वेळेत आपोआप येतात. व्यायाम, जप, वाचन यांची योजना या वीस मिनिटांत करू नये. ज्या रुग्णाने उठताक्षणी प्राणायामास बसण्याचे ठरवले, तो भिंतीला टेकून झोपलेला आढळतो. उजाडल्यानंतर दहा-पंधरा मिनिटे मोकळ्या प्रकाशात राहिल्यास रात्रीची झोप अलीकडे येण्यास साहाय्य होते. या रुग्णाची पाळी सूर्योदयाच्या वेळी सुरू होई, म्हणून नऊच्या चहाच्या सुट्टीत त्याला आवाराबाहेर उन्हात उभे राहण्यास सांगितले.

आईशीही बोलावे लागले. आईची हाक हा त्या घरातील सातवा गजर होता आणि खरा गजर तोच, हे मुलाच्या शरीराने ओळखले होते. म्हणून पहिल्या सहांना ते जुमानीत नव्हते. आम्ही मातोश्रींना विनंती केली की, घड्याळ वाजल्यावर दहा मिनिटे काहीच बोलू नये. त्यानंतरही तो उठला नसेल तर खोलीतील दिवा लावावा व निघून जावे. रागावणे नको, पांघरूण ओढणे नको. ‘बस चुकली तर?’ असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. म्हणून पहिला आठवडा त्याच्या एका सहकाऱ्याने ५.५५ ला दारावरून जाताना घंटी वाजवावी असे ठरले आणि तेवढा आधार मिळाल्यावर त्या मान्य झाल्या.

काय बिघडले आणि कसे कळले

रुग्णाला एका वहीत रोज तीनच नोंदी करावयास सांगितल्या : दिवा मालवण्याची वेळ, गजराची वेळ, पाय जमिनीला लागल्याची वेळ. शेवटच्या दोहोंतील अंतर हेच आपले मापक. ‘आज बरे वाटले’ अशा शब्दांपेक्षा हे अंतर अधिक खरे बोलते.

पहिले चार दिवस अंतर तीन-चार मिनिटांचे होते. नवेपणाचा तो गुण असतो, त्यावर विसंबू नये. सहाव्या दिवशी अंतर चाळीस मिनिटांवर गेले व बस चुकली. चौकशीत कळले की थंडीमुळे त्याने घड्याळ उशाशी आणून ठेवले होते. घड्याळ फळीवर परत गेले आणि गजराजवळ एक शाल व पायमोजे ठेवले. थंडीत पांघरुणातून बाहेर येणे हीच खरी अडचण असते, तिची तरतूद रात्रीच करावी. दहाव्या दिवसानंतर गजर ५.३० ला व सतराव्या दिवशी ५.२५ ला आणला. तिसऱ्या आठवड्यात एका लग्नामुळे शनिवारी जागरण झाले, झोपावयास दीड वाजला. अशा वेळी वाग्भटांचा नियम लागू करावा : असात्म्य जागरण झाल्यास जितके जागरण झाले त्याच्या अर्धा काळ सकाळी, काही न खाता, झोपावे. दहाऐवजी दीड म्हणजे साडेतीन तासांचे जागरण धरून पावणेदोन तास. रविवारी तो ७.१० ला उठला. पूर्वीप्रमाणे साडेनऊपर्यंत झोपला असता तर रविवारी रात्री झोप लांबली असती आणि सोमवारचा गजर पुन्हा निसटला असता. सोमवारी अंतर सहा मिनिटांचे निघाले, मंगळवारी पुन्हा दोन. महिन्याअखेर त्याची बस एकदाच चुकली होती, सकाळी मलप्रवृत्ती होऊ लागली होती आणि आध्मान निम्म्याने उतरले होते. दोन महिन्यांनी त्याने स्वतःहून सांगितले की, आता घड्याळ वाजण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे जाग येते. हे चिन्ह दिसले की क्रम सात्म्य झाला असे समजावे.

कोणास हा क्रम देऊ नये

चरकांनी निद्रेचे प्रकार सांगताना तमोभवा, श्लेष्मोद्भवा, श्रमसंभवा, आगंतुकी, व्याध्यनुवर्तिनी आणि रात्रिस्वभावप्रभवा असे भेद केले आहेत. येथे आपला संबंध विशेषतः व्याध्यनुवर्तिनीशी आहे. पंधरा दिवस सात-साडेसात तास सलग झोप मिळूनही उठल्यावरची जडता तासाभराहून अधिक टिकत असेल, तर गजराचा विचार सोडून व्याधीचा विचार करावा. रक्ताल्पता, अवटु ग्रंथीची मंदता व प्रमेह यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. पहाटेच्या वेळी मन सर्वांत खिन्न असणे, कशातच रस न वाटणे, दिवसाला सामोरे जाण्याची भीती वाटणे ही लक्षणे असल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठवण्यात विलंब करू नये.

सर्वांत अधिक जपावयाचा तो घोरणारा रुग्ण. एक चाळिशीतील मालवाहू गाडीचा चालक ‘गजर ऐकूच येत नाही, मोठ्या आवाजाचे घड्याळ सांगा’ म्हणून आला. मान जाड, पोट सुटलेले, सकाळी डोके दुखे, तोंडाला कोरड. पत्नीस विचारले तेव्हा तिने सांगितले की, घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच थांबतो आणि मग दचकून सुरू होतो. सिग्नलला उभे असताना डोळा लागल्याचेही त्याने कबूल केले. अशा रुग्णास मोठे घड्याळ देणे म्हणजे त्याला अर्धवट झोपेत सुकाणूवर बसवणे होय. त्यास आम्ही निद्रापरीक्षणासाठी पाठवले, निद्राश्वासरोधाचे निदान झाले व श्वासास दाब देणारे यंत्र रात्री लावल्यावर त्याचा गजर त्यास ऐकू येऊ लागला. तपासणी होईपर्यंत त्याने गाडी चालवू नये, असे आम्ही स्पष्ट बजावले होते. स्थौल्याची चिकित्सा सोबत चालूच ठेवली.

रात्रपाळी करणारे, तान्ह्या बाळाच्या माता आणि परीक्षेच्या वयातील मुले यांनाही हा क्रम जसाच्या तसा लावू नये. पौगंडावस्थेत झोपेची वेळ स्वभावतःच पुढे सरकते, त्यांना पहाटे चारला उठवण्याचा आग्रह धरण्यापेक्षा रात्रीचा दिवा लवकर मालवावा. वृद्ध व रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी गजराकडे धावत जाऊ नये. त्यांनी अंथरुणावर एक मिनिट बसून, पाय खाली सोडून मगच उठावे. त्यांचे घड्याळ हाताशी असलेलेच बरे.

औषधविक्रेत्यांसाठी

औषधालयाच्या गल्ल्यावर ‘सकाळी उठवेल असे काही द्या’ किंवा ‘रात्री लवकर झोप येईल असे काही द्या’ अशी मागणी होते. देण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : रात्री सध्या कोणती गोळी चालू आहे? सर्दी, शिंका, खाज यांसाठी घेतल्या जाणाऱ्या पुष्कळ गोळ्यांनी, विशेषतः क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या औषधांनी, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गुंगी राहू शकते. गजर न ऐकू येण्याचे कारण कित्येकदा त्या पाकिटात असते. झोपेच्या व मानसरोगावरील गोळ्यांबाबतही तेच. मात्र त्या आपल्या सांगण्यावरून बंद करू नयेत, ज्या वैद्याने वा डॉक्टराने दिल्या त्यांच्याकडे रुग्णास परत पाठवावे. अशा रुग्णास निद्राजनन म्हणून सर्पगंधायुक्त योग हातावर ठेवणे तर सर्वथा टाळावे. त्याने रक्तदाब उतरतो, खिन्नता वाढू शकते आणि सकाळची जडता अधिक होते.

गजर निसटणे हे बहुतेक रुग्णांत आदल्या दिवसाच्या चुकीच्या मांडणीचे शेवटचे टोक असते. वैद्याने तेथून मागे मागे जावे : गजरापासून रात्रीच्या दिव्यापर्यंत, तेथून जेवणापर्यंत आणि जेवणापासून दुपारच्या झोपेपर्यंत. जेथे गाठ सापडेल तेथे ती सोडवावी आणि सकाळी केवळ एक घड्याळ, एक दिवा व गुंडाळलेली गादी एवढेच ठेवावे. ज्या वैद्यबंधू-भगिनींनी असे रुग्ण हाताळले आहेत त्यांनी आपल्या नोंदी, विशेषतः अयशस्वी रुग्णांच्या, या त्रैमासिकाकडे अवश्य पाठवाव्यात.